वहीत 19, स्क्रीनवर 4

मांद्रेला माझ्या मावशीचं सहा खोल्यांचं होमस्टे आहे. गूगलवरच्या जाहिराती मी म्हापशात बसून बघतो. ऑक्टोबरअखेरीस मावशीने वही पुढे सरकवली. थेट आलेली बुकिंग 19, आणि जाहिरातीच्या खात्यात दिसत होती 4. "मग पैसे कुठे जातायत रे?" तिने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी माझ्याच कामात खोट शोधली. आमचा हिशेब असा चाले: पाहुणा जाहिरातीवर टिचकी मारून साइटवर येई, चौकशी करी, घरच्यांशी बोलून दोन-तीन आठवड्यांनी परत साइटवर येऊन ॲडव्हान्स भरी, आणि त्या पानावरचा टॅग, म्हणजे गूगलचा छोटा कोड, ते गूगलला कळवी. हा दुवा टिकायचा तो ब्राउझरमधल्या `_gcl_aw` या कुकीवर. गूगल टिचकीबरोबर पत्त्याला `gclid` ही खूण जोडतं, तशी `?gclid=test123` पत्त्यामागे जोडून मी साइट उघडली. क्रोममध्ये कुकीची मुदत 90 दिवस होती. मग आयफोन मॅकला जोडून सफारीत तीच कुकी पाहिली, तर 7 दिवस. साइटवरच्या स्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीला सफारीने 2019 पासून ही मर्यादा घातली आहे. जाहिरातीच्या लिंकवरून आलेल्यांसाठी ती 24 तासांवरही येते. पुण्या-मुंबईचा आयफोनवाला पाहुणा तिसऱ्या आठवड्यात पैसे भरायचा, तेव्हा तो गूगलच्या लेखी अनोळखी असायचा.

अर्थात सगळा दोष सफारीचा नव्हता. अर्धे लोक मावशीच्या नंबरवर सरळ यूपीआय करतात. तिथे टॅग काय करणार?

म्हणून कुकीवर विसंबणंच सोडलं. पाहुणा पहिल्यांदा बोलतो त्याच क्षणी टिचकीची खूण आपल्या वहीत उतरवायची आणि पैसे आले की आपणच गूगलला कळवायचं, असं ठरवलं. फॉर्म असता तर त्यात एक लपलेला रकाना पुरला असता, पण आमच्याकडे सगळे व्हॉट्सॲपचं बटण दाबतात. त्यामुळे बटण दाबताच मेसेजमध्ये "चौकशी क्र. 147" असा क्रमांक आपोआप येईल, आणि तोच क्रमांक टिचकीच्या खुणेसकट आमच्या सर्व्हरवर नोंदला जाईल, अशी सोय केली. जाहिरातीचं पान आणि बटणाचं पान एकच ठेवलं, कारण पान बदललं की पत्त्यातली खूण गळून पडते.

पहिल्या आठवड्यात बऱ्याच क्रमांकांपुढे खूणच नव्हती. बटण दाबताच फोन व्हॉट्सॲपवर उडी मारायचा आणि आमची नोंद वाटेतच तुटायची. साधी विनंती बदलून ही ओळ घातली, तेव्हा थांबलं:

```
const p = new URLSearchParams(location.search);
navigator.sendBeacon('/ref', JSON.stringify({
  code, gclid: p.get('gclid'), wbraid: p.get('wbraid')
}));
```

`wbraid` मी आधी विसरलो होतो. ॲपलने 2021 मध्ये iOS 14.5 पासून ॲपना मागोवा घेण्याआधी परवानगी विचारायला लावली. त्यानंतर आयफोनवरच्या यूट्यूबसारख्या ॲपमधून येणाऱ्या काही टिचक्यांना `gclid` नसतो, ही खूण असते.

आता मावशी ॲडव्हान्स आला की वहीत तो चौकशी क्रमांक लिहिते. रविवारी मी खूण, वेळ आणि रक्कम अशी यादी खात्यात चढवतो. पहिल्या यादीतल्या तीन ओळी गूगलने नाकारल्या; बुकिंग टिचकीच्या आधीचं आहे म्हणे! तिन्ही बुकिंग टिचकीनंतर चार-पाच तासांत झालेली होती. आमच्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे साडेपाच तास मागे. उशिरा झालेली बुकिंग निमूट पार पडत होती, म्हणून चूक लपून राहिली. वेळ यूटीसीची आहे हे सांगणारं `+0000` तिच्यापुढे लावलं आणि तिन्ही ओळी पार झाल्या.

नोव्हेंबरमध्ये थेट बुकिंग 23. त्यातल्या 11 ना जाहिरातीची खूण जुळली. आठ क्रमांकाविनाच आली, त्यातली बहुतेक मावशीची जुनी माणसं. त्यांना जाहिरातीत मोजायचंच नाही. चार जणांकडे क्रमांक होता, खूण नव्हती. कुणी पत्ता हाताने टाकून आला असेल, कुणी सफारीच्या खाजगी टॅबमधून. iOS 17 पासून तिथे पत्त्यातला `gclid` काढून टाकला जातो. त्या चौघांचा नाद मी सोडला.

एक जण मात्र अजून खटकतो. त्यानंतरच्या वर्षी ऑगस्टमध्ये टिचकी मारून त्याने 31 डिसेंबरची खोली विचारली आणि पैसे भरले डिसेंबरात. खूण वहीत नीट होती, पण टिचकीला 90 दिवस उलटले की गूगल ती ओळ घेत नाही. आता नाताळासाठी लवकर विचारणाऱ्यांकडून मावशी थोडा तरी ॲडव्हान्स लगेच मागते. "तुझ्या गूगलसाठी नाही हो," ती म्हणते, "खोली अडकून राहते म्हणून."