बचत मशीनच्या तासांत मांडा

*“प्रेसच्या मालकांनी ऑर्डर ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर घ्यावं म्हणून त्यांना टिपण द्यायचं आहे. बचत आणि खर्च कसे दाखवू, म्हणजे त्यांना ते आकडे पटतील?”*

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. टिपणातली प्रत्येक गोष्ट आधी मशीनच्या तासांत मोजा आणि अगदी शेवटी पैशांत बदला. ऑफसेट मशीन तासभर चालवायला काय पडतं, हे मालकाला तोंडपाठ असतं, कारण प्रत्येक कोटेशन तो त्याच दरावर बांधतो. सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या माहितीपत्रकातली टक्केवारी त्याच्यासाठी परकी असते. “महिन्याला साडेपाच तास उभं राहणारं मशीन त्या वेळात छपाई करेल” हे वाक्य मात्र तो लगेच तपासून पाहू शकतो.

त्यासाठी टिपण लिहिण्याआधी एक महिना मोजणी करा. मशीनजवळ एक वही टांगा. मशीन थांबलं की किती वाजता थांबलं, कधी सुरू झालं आणि का थांबलं, एवढंच ऑपरेटरने लिहायचं. कारणं पाच पुरतात: प्लेट आली नाही, कागद कापून आला नाही, ग्राहकाची मंजुरी नाही, तातडीचं काम मध्ये घातलं, मशीनचा बिघाड. शेवटचं कारण हिशोबातून पूर्ण वगळा. रोलर खराब झाला तर सॉफ्टवेअर काही करू शकत नाही, आणि हे टिपणात तुम्हीच आधी लिहिलंत तर बाकीचे आकडे विश्वासाने वाचले जातात.

समजा, दोन मशीनचा प्रेस आहे, महिन्याला १२० कामं होतात आणि कामाचे दिवस २५. वहीतून कळलं की १० वेळा मशीन प्लेटसाठी, कागदासाठी किंवा मंजुरीसाठी सरासरी अर्धा तास उभं राहिलं. म्हणजे ५ तास. शिवाय ८ वेळा चालू काम उतरवून तातडीचं चढवलं आणि पहिल्या कामाची मेकरेडी, म्हणजे छपाईआधीची मशीनची जुळवणी, पुन्हा करावी लागली. प्रत्येक वेळी ४५ मिनिटं, म्हणजे ६ तास. एकूण ११. कुठलं काम खरंच तयार आहे हे सकाळीच दिसलं, तर यातलं निम्मं वाचेल असं धरा: साडेपाच तास. ही बचत खरी केव्हा? मशीनसाठी कामं रांगेत असतील तेव्हाच. मंदीच्या महिन्यात वाचलेला तास रिकामाच जातो, आणि हेही टिपणात स्पष्ट लिहा.

दुसरी बाब पुन्हा छापाव्या लागलेल्या कामांची. समजा, महिन्यात अशी तीन कामं निघाली. एकात रंग बिघडला होता, ते सोडा. एकात ग्राहकाने दुसरं प्रूफ मंजूर केलं होतं आणि प्लेट पहिल्या फाइलवरून निघाली. तिसऱ्यात कागदाचं वजन फोनवर बदललं, पण जॉब कार्डवर चढलं नाही. ही दोन्ही कामं माहिती जागेवर न पोहोचल्यामुळे बिघडली. दोन्ही टळतील असं म्हणू नका, एक धरा. चार नव्या प्लेट, पुन्हा लागलेला कागद आणि मशीनचे तीन तास मिळून हा फटका समजा ७ मशीन-तासांच्या किमतीचा.

तिसरी बाब बिलात न आलेल्या जादा कामाची, आणि रोख पैसा सगळ्यात जास्त इथेच गळतो. मंजुरीनंतर ग्राहक मजकूर बदलतो, प्लेट पुन्हा काढावी लागते, किंवा ऐनवेळी लॅमिनेशन वाढतं. करणाऱ्याला माहीत असतं, बिल करणाऱ्यापर्यंत जात नाही. मागची ४० पूर्ण झालेली कामं काढा. प्लेट किती निघाल्या, बाइंडिंगला काय गेलं आणि बिलात काय लागलं, हे शेजारी ठेवून बघा. समजा चार कामांत फरक सापडला. म्हणजे १२० कामांत १२, प्रत्येकी साधारण एका मशीन-तासाच्या किमतीचं काम. निम्मं वसूल होईल असं धरलं तर ६.

तिन्हींची बेरीज महिन्याला साडेअठरा तास होते.

“माझं काम कुठवर आलं?” अशा फोनांचा वेळही मोजा, पण बेरजेत घेऊ नका. रोज १६ चौकश्या आणि प्रत्येकी ६ मिनिटं धरली तर महिन्याला ४० तास होतात. आकडा डोळ्यांत भरतो, पण तो वाचल्याने कुणाचा पगार कमी होत नाही. तो वेगळ्या ओळीत लिहा आणि समोर बचत शून्य मांडा.

आता खर्च. मासिक शुल्क समजा ६ तासांच्या किमतीचं आहे. सुरुवातीचा खर्च, म्हणजे स्कॅनर, मशीनजवळचा टॅब्लेट, ग्राहक आणि कागदाच्या याद्या भरणं, शिकवणं, सगळं मिळून ३३ तासांचं. बहुतेक टिपणं इथेच थांबतात आणि तिसरा खर्च सुटतो: नोंदी करण्याचा वेळ. १२० कामं, प्रत्येकी ७ टप्पे, एका नोंदीला अर्धं मिनिट, म्हणजे महिन्याला ७ तास, तेही मशीनजवळच्या माणसांचे. मग महिन्याचा खर्च १३ तास, आणि साडेअठरातून हाती राहतात फक्त साडेपाच. अपेक्षित बचतीच्या ७० टक्के बचत झाली तरच बरोबरी होते. इतक्या कमी फटीवर मालकाने पैसे घालू नयेत असं माझं मत आहे.

म्हणून टप्पे कमी करा. प्रूफ मंजूर, प्लेट तयार, छपाई पूर्ण, डिलिव्हरीला तयार: हे चार पुरतात. लॅमिनेशन बाहेर जात असेल तर फक्त त्या कामांना पाचवी नोंद लावा. चार टप्प्यांना ४ तास लागतात, महिन्याचा खर्च १० वर येतो आणि साडेआठ तास उरतात. पहिले दोन महिने जुनं रजिस्टरही चालू राहणार, म्हणून त्यांची बचत शून्य धरा. ३३ आणि दोन महिन्यांचे २० मिळून ५३ तास तिसऱ्या महिन्यापासून फिटू लागतात आणि नवव्या महिन्यात पूर्ण फिटतात.

हे सगळं फसतं ते बहुतेक एकाच कारणाने: दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी एकदम भरल्या जातात. मग दुपारी पडद्यावर दिसतं ते खोटं असतं, आणि लोक पुन्हा मशीनपाशी जाऊन विचारू लागतात. ओळखणं सोपं आहे. नोंदींच्या वेळा बघा. सगळ्या सुट्टीच्या आधीच्या दहा मिनिटांत साचल्या असतील तर तेच चाललंय. जॉब कार्डवर बारकोड छापा आणि छापलेल्या तावांचा गठ्ठा ठेवतात तिथेच स्कॅनर बसवा, म्हणजे नोंद हातासरशी होते. दुसरी पळवाट ओळखीच्या ग्राहकाच्या कामाची, कारण ते कार्डाविना आत शिरतं. जॉब नंबर नसेल तर प्लेट निघणार नाही, हा नियम मालकाच्या सहीने लागू व्हायला हवा, कारण तो मोडायची वेळ बहुतेकदा त्याच्याच फोनमुळे येते.

टिपणाच्या शेवटी मागणी नेमकी लिहा, साधारण अशी:

“तीन महिन्यांसाठी मासिक शुल्कावर, एकाच मशीनवर चाचणी घेण्यास मंजुरी द्यावी. वार्षिक करार आत्ता करू नये. सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून घेता येईल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं. त्या मशीनच्या वहीतले थांबे चाचणीआधीच्या महिन्याशी ताडून पाहू. तिसऱ्या महिन्यात ते एक-चतुर्थांशानेही कमी झाले नाहीत, तर सॉफ्टवेअर बंद करू.”