विहिरीतील प्रेत आणि खरेदीखतावरचा अंगठा

लातूरला ज्या वर्षी रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच २०१६ च्या पावसाळ्याच्या शेवटी मराठवाड्यात जोरदार पाऊस झाला आणि कोरड्या पडलेल्या विहिरी तुडुंब भरल्या. बीड जिल्ह्यातील अशाच एका विहिरीत पुरुषाचे प्रेत तरंगताना आढळले. मी तेव्हा अंगुलीमुद्रा तज्ज्ञ म्हणून काम करीत होतो. आकस्मिक मृत्यूची नोंद झाली होती, शवविच्छेदनात घातपाताची खूण मिळाली नव्हती आणि प्रश्न एवढाच उरला होता की हा माणूस कोण. चेहरा ओळखण्याच्या पलीकडे गेला होता. अंगावर धोतर आणि गळ्यात तुळशीची माळ होती; परंतु या भागात धोतर आणि माळेवरून माणूस ओळखायचा म्हटले तर निम्मे गाव ओळखीचे निघेल.

तरीही एका कुटुंबाने धोतराच्या काठावरून प्रेत आपल्या वडिलांचे आहे असे सांगितले आणि ते ताब्यात मागितले. त्याच दिवशी दुसऱ्या तालुक्यातून एक बाई आपल्या भावाबरोबर आल्या. त्यांचे पती ऊसतोडीला जात असत आणि महिनाभरापासून घरी आले नव्हते. दोन्ही कुटुंबे प्रामाणिक होती, यात मला शंका नव्हती. दुःखात असलेला माणूस शोधत असलेली खूण पाहतोच. म्हणून तपासी फौजदारांनी प्रेत कोणालाही न देता आम्हाला बोलावले, हे त्यांनी फार योग्य केले.

पाण्यात दिवसेंदिवस राहिलेल्या हाताची वरची त्वचा प्रथम पांढरी होऊन सुरकुतते आणि नंतर सुटते. या प्रेताच्या उजव्या हाताची त्वचा गळून गेली होती. डाव्या हाताच्या चार बोटांची त्वचा सैल होऊन अंगुस्तानासारखी निघण्याच्या बेतात होती आणि डावा अंगठा मात्र पूर्ण सोललेला, लालसर व गुळगुळीत दिसत होता. डॉक्टरांनी ती चार बोटांची त्वचा अलगद काढून दिली. ती स्वच्छ धुऊन, स्पिरिटमध्ये बुडवून थोडी घट्ट केली आणि हातमोजा घातलेल्या माझ्याच बोटावर एकेक चढवून, शाई लावून पट्टीवर फिरवली. काम ऐकायला किळसवाणे वाटते, पण मिळालेले ठसे जिवंत माणसाच्या ठशांइतके स्पष्ट होते.

हे चार ठसे संगणकावरील संग्रहात शोधले, परंतु काही हाती लागले नाही. तसे होणे स्वाभाविक होते, कारण त्या संग्रहात मुख्यत्वे अटक झालेल्या किंवा शिक्षा झालेल्या लोकांचे ठसे असतात आणि आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी न चढलेला माणूस तिथे सापडत नाही. "साहेब, आधारमध्ये तर सगळ्यांचे ठसे आहेत, तिथे का नाही बघत?" असे जमादारांनी विचारले. हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. आधार कायद्याच्या कलम २९ नुसार बोटांचे ठसे आणि बुबुळाची नोंद कोणालाही, कोणत्याही कारणासाठी देता येत नाही. म्हणून तुलनेसाठी त्या माणसाने हयातीत कुठेतरी उमटवलेला ठसा हवा होता.

फौजदारांनी मग दुसराच मार्ग सुचवला. ऊसतोड कामगाराचा सख्खा भाऊही आला होता आणि रक्ताच्या तपासणीत भाऊ उपयोगी पडतो, तर त्याच्या अंगठ्यावरून काही सांगता येईल का, असे त्यांनी विचारले. त्यांना मी तेव्हा जे सांगितले ते इथे थोडे सविस्तर लिहितो, कारण ठशांचे सगळे शास्त्र त्याच उत्तरात आहे.

गर्भ साधारण सात आठवड्यांचा असताना बोटांच्या टोकांवर फुगीर गाद्या तयार होतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास वरच्या त्वचेचा सर्वांत खालचा थर आत घड्या पाडू लागतो आणि त्या घड्यांच्या रेषा गादीचा मध्य, नखाखालची बाजू आणि सांध्याजवळची सुरकुती अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून पसरत एकमेकींना येऊन मिळतात. त्या वेळी गादी किती उंच आणि किती सरळ आहे यावर चक्र होणार, शंख होणार की साधी कमान, हे ठरते. गादीचा हा आकार बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो, म्हणून भावाभावांत एकाच प्रकारचे ठसे पुष्कळदा दिसतात. मात्र एखादी रेषा नेमकी कुठे थांबेल, कुठे दुभंगेल, दोन रेषांच्या मध्ये एखादा सुटा तुकडा कुठे अडकेल, हे त्या जागी त्या क्षणी त्वचेवर पडणारा ताण आणि पेशींच्या वाढीचा वेग यांवर अवलंबून राहते. ते कोणत्याही जनुकात लिहिलेले नसते. म्हणूनच एकाच बीजातून जन्मलेल्या जुळ्यांचे डीएनए सर्वसाधारण चाचणीत सारखे येत असले तरी त्यांच्या बोटांच्या रेषांचे बारकावे वेगळे असतात. एकाच माणसाच्या दहा बोटांतही ते पुन्हा येत नाहीत. भावाचा अंगठा घेऊन मला फार तर चक्र की शंख याचा अंदाज बांधता आला असता आणि अंदाजावर प्रेत कोणाच्या ताब्यात देत नाहीत.

तेव्हा बाईंच्या भावाला आठवले की मेव्हण्यांनी २००४ मध्ये जमिनीचा तुकडा विकला होता. मेव्हणे निरक्षर असल्याने खरेदीखतावर सहीच्या जागी 'निशाणी डावा अंगठा' असणारच होता. दुसऱ्या कुटुंबाच्या वडिलांच्याही एका नोंदणीकृत दस्ताचा पत्ता लागला. दोन्ही दस्त दुय्यम निबंधक कार्यालयातून रीतसर मागवले गेले. अडचण अशी होती की दोन्ही दस्तांवर फक्त डावा अंगठा होता आणि प्रेताच्या नेमक्या त्याच अंगठ्याला वरची त्वचा उरली नव्हती.

इथे लोकांचा समज असा असतो की त्वचा गेली म्हणजे ठसा गेला. प्रत्यक्षात आपण जो ठसा पाहतो त्याचा साचा खालच्या थरात असतो. वरच्या त्वचेच्या प्रत्येक रेषेखाली, आतल्या थरात, लहान लहान उंचवट्यांच्या दोन रांगा असतात. कोयता धरून, दगड उचलून वरची रेषा झिजते आणि रेशन दुकानातले यंत्र अंगठा घेत नाही, पण विश्रांती मिळताच तीच रेषा जशीच्या तशी परत येते, याचे कारण हा साचा होय. मात्र त्याचे उंचवटे फार उथळ असतात. शाई लावून ठसा घेतला तर नुसता काळा डाग मिळतो. म्हणून उकळण्याच्या जवळ आलेल्या पाण्यात तो अंगठा काही सेकंद बुडवला. त्याने आतला थर आकसून उंचवटे वर येतात. जास्त वेळ ठेवला तर ऊती शिजून सगळेच हातचे जाते, त्यामुळे हे काम घड्याळ हातात धरूनच करावे लागते. नंतर अंगठा कोरडा करून, काळी पूड हलक्या ब्रशने लावून, पांढऱ्या चिकट कागदावर ठसा उचलला आणि एका बाजूने प्रकाश टाकून छायाचित्रही काढले. बोटाचे छायाचित्र ठशाच्या उलट, आरशातल्यासारखे असते. ते उलटून घेतल्याशिवाय तुलनेला बसू नये.

पहिल्या कुटुंबाचा निकाल पाहताक्षणी लागला. त्यांच्या वडिलांच्या दस्तावर शंख होता आणि प्रेताच्या अंगठ्याला स्वच्छ चक्र होते. प्रकार वेगळा असेल तर पुढे मोजत बसण्याची गरज राहत नाही.

ऊसतोड कामगाराच्या खरेदीखतावर चक्र होते, पण प्रकार जुळणे म्हणजे माणूस जुळणे नव्हे. शाई जास्त लागल्यामुळे त्या ठशाचा खालचा भाग बुजला होता आणि मधला व वरचा भाग तेवढा वाचता येत होता. मी चक्राच्या मध्यापासून सुरुवात केली. मध्याच्या डावीकडे तिसऱ्या रेषेवर एक दुभंग, तिथून दोन रेषा सोडून वर जाणारी एक रेषा अचानक संपते, तिच्या पुढे एक लहान तुकडा. अशा क्रमाने एकेक खूण दोन्ही ठशांत, त्याच दिशेला आणि मधल्या रेषा मोजून, ताडत गेलो. आतल्या थराच्या ठशात प्रत्येक रेषा दुहेरी उमटते, त्यामुळे नवख्याला जागोजागी दुभंग भासतात. खरा दुभंग कोणता आणि रांगांची जोडी कोणती, हे ठरवल्याखेरीज मी एकही खूण धरली नाही. शेवटी अकरा खुणा निर्विवाद जुळल्या.

तरीही मी त्या दिवशी अहवाल लिहिला नाही. प्रेताच्या अंगठ्यावर मध्यातून तिरपी जाणारी एक पांढरी रेघ होती आणि खरेदीखतावर तिचा मागमूस नव्हता. आमच्या कामात कितीही खुणा जुळल्या तरी एक फरक जर समजावून सांगता येत नसेल तर ओळख पटली असे म्हणता येत नाही. २००४ मध्येच माद्रिदच्या रेल्वे स्फोटांनंतर एका पिशवीवरील ठशावरून अमेरिकेतील एका निरपराध वकिलाला अटक झाली होती. संगणकाने सुचवलेला ठसा इतका जवळचा होता की एफबीआयच्या अनुभवी तज्ज्ञांनी फरकांकडे काणाडोळा केला. दोन बोटे सारखी नसतात हे खरे आहे, पण अर्धवट उमटलेले दोन ठसे फसवण्याइतके सारखे दिसू शकतात. चूक बोटाची नसते, पाहणाऱ्याची असते.

ती रेघ जखमेचा व्रण असावी, असे तिच्या दोन्ही बाजूंच्या रेषांवरून दिसत होते. रेषा तिथे किंचित सरकून, ओढल्यासारख्या होऊन पुन्हा आपापल्या वाटेने जात होत्या. आतल्या थरापर्यंत गेलेली जखमच असा कायमचा व्रण सोडते, वरवरचे खरचटणे भरून निघते. बाईंना कोणतीही सूचना न देता विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की काही वर्षांपूर्वी ऊस तोडताना डाव्या हाताने मोळी धरली असता कोयता अंगठ्यावर बसला होता. परंतु तोंडी सांगणे हा ठशाचा पुरावा नव्हे. त्यानंतरचा एखादा कागद हवा होता. शोधाअंती एका पतसंस्थेतील २०१३ चा कर्जरोखा मिळाला. त्यावरच्या अंगठ्यात तीच तिरपी रेघ, त्याच कोनात, त्याच रेषांना छेदून गेलेली होती आणि खरेदीखतावर शाईने बुजलेला खालचा भागही त्यात स्पष्ट होता, त्यामुळे जुळणाऱ्या खुणांची संख्या आणखी वाढली.

अहवालात मी एवढेच लिहिले की प्रेताचा डावा अंगठा, खरेदीखतावरील अंगठा आणि कर्जरोख्यावरील अंगठा हे एकाच व्यक्तीचे आहेत. ती व्यक्ती म्हणजे त्या बाईंचे पती, असे मी लिहिले नाही, कारण ठसा नाव सांगत नाही. नाव खरेदीखतावर ओळख पटविणाऱ्या दोन साक्षीदारांनी दिले होते. फौजदारांनी त्या दोघांपैकी हयात असलेल्या साक्षीदाराचा जबाब घेतला, तो अहवालाला जोडला आणि मगच प्रेत बाईंच्या ताब्यात दिले. पहिल्या कुटुंबाच्या वडिलांची बेपत्ता नोंद कायम राहिली. त्यांच्या दस्तावरच्या ठशाची एक प्रत पुढच्या तुलनेसाठी त्या नोंदीच्या फाईलला लावून ठेवली.