सात टँकरांत पाणी भिंतीला लागलं

एप्रिलची गोष्ट. नागपुरात तेव्हा सकाळी नऊलाच डोक्यावर दुपट्टा घ्यावा लागतो. बेसा रोडकडच्या एका सोसायटीचा स्विमिंग पूल टाइल्सच्या कामासाठी रिकामा केला होता आणि आता तो टँकरने भरायचा होता. पुलांची देखभाल हा माझा धंदा. सेक्रेटरी काकांनी आदल्या आठवड्यात फोन करून विचारलं होतं, "दहा हजार लिटरचे किती टँकर सांगू?"

त्यांच्या पंपरूममध्ये भिंतीवर रंगाने लिहिलं होतं : क्षमता २,७२,००० लिटर. म्हणजे अठ्ठावीस टँकर. हा आकडा कुठून आला हे मला फोनवरच कळलं. पूल २० मीटर लांब, ८ मीटर रुंद. काठावर उथळ बाजूला १ मीटर आणि खोल बाजूला २.४ मीटर असं कोरलेलं. हा पूल बाजूने उभा चिरला, तर समोर समलंब चौकोन दिसतो. त्याच्या समांतर बाजू म्हणजे दोन टोकांच्या खोल्या. शाळेत ज्याला आपण समलंबाची 'उंची' म्हणतो, ती इथे आडवी पडलेली असते, पुलाची २० मीटर लांबी. पोरंच काय, साइटवरचे लोकही इथे गडबडतात. तर १ अधिक २.४, भागिले २, म्हणजे १.७. त्याला २० ने गुणलं की ३४ चौरस मीटर. हा चौकोन ८ मीटर रुंदीभर सरकवला की समलंब चिती तयार होते, २७२ घनमीटरची. हिशोब बरोबर.

मी मात्र शहाणपणा केला. कोरलेली खोली काठापासूनची असते आणि पाणी काठापर्यंत भरत नाहीत, या पुलात ते १५ सेंटीमीटर खाली ठेवतात. म्हणून खोल्या धरल्या ०.८५ आणि २.२५. सरासरी १.५५, घनफळ २४८ घनमीटर. "काका, पंचवीस टँकर सांगा. तीन वाचवले तुमचे," मी ऐटीत म्हणालो.

भरायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. उतारावर पाणी चढताना बघायला मला आवडतं. आधी खोल टोकाशी पाचरीसारखं साचतं, मग त्याची कड उथळ बाजूकडे सरकत जाते. सुरुवातीला भरभर, नंतर हळूहळू, कारण पाचर लांब होते तशी जाडही होते. कड निम्म्या लांबीवर पोचायला जेवढं पाणी लागतं, त्याच्या चौपट ती शेवटपर्यंत जायला लागतं. माझ्या हिशोबाने तळ पूर्ण झाकायला ११२ घनमीटर, म्हणजे अकरा टँकरांहून जरा जास्त, आणि तिसऱ्या टँकरनंतर कड खोल भिंतीपासून दहा मीटरच्या पुढे हवी होती.

टेप लावला. साडेसात मीटरही नव्हती.

काकांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थेट टँकरवाल्याकडे वळले. "काय गा, टँकर पूर्ण भरून आणून राहिला ना?" तो बिचारा चिडला. "साहेब, झाकण उघडून दाखवलं ना तुम्हाला! वरपर्यंत होता." खरं सांगायचं तर मलाही तोच संशय होता. टँकर कमी भरतो ही तक्रार कोणालाही लगेच पटते.

चौथ्या टँकरला मी पायऱ्यांवर बसून राहिलो. कड साडेदहा मीटरवर गेली. दुसरा ते तिसरा टँकर रिकामा होईपर्यंत ती दीड मीटरही हलली नव्हती, आता एकदम तीन मीटर. पाचव्याने आणखी चार मीटर खाल्ले. सातवा रिकामा झाला तेव्हा पाणी उथळ बाजूच्या भिंतीला लागलं होतं. जिथे अकरा लागायचे, तिथे सात. आधी माझ्या हिशोबाच्या मागे राहिलेलं पाणी नंतर त्याच्या पुढे पळालं. टँकर कमी भरला असता, तर ते शेवटपर्यंत मागेच राहिलं असतं. चूक टँकरमध्ये नव्हती, तळाच्या आकारात होती.

तरी टँकरवाल्याची बाजू पक्की करणं भाग होतं. एकदा तळ पूर्ण झाकला गेला की पुढे त्याचा आकार कसाही असो, फरक पडत नाही. वरचं पाणी २० बाय ८ च्या सरळ इष्टिकाचितीसारखं चढतं. १६० चौरस मीटरवर १० घनमीटर ओतलं की पातळी सव्वासहा सेंटीमीटर वाढली पाहिजे. उथळ भिंतीवर पेन्सिलने खूण केली, पाणी शांत होऊ दिलं आणि दोन टँकरांनंतर मोजलं. साडेबारा. टँकर प्रामाणिक होता. काकांनी त्याला स्वतःच्या घरून ताक आणून दिलं, माफी वगैरे काही मागितली नाही.

पूल भरला तेव्हा विसावा टँकर संपून एकविसावा निम्मा झाला होता. बाकी चार आले तर ते पाणी सोसायटीच्या टाकीत सोडायचं की गाड्या परत पाठवायच्या, यावर गेटपाशी वाद चालू होता. मी तोवर ओळंबा काढला आणि लांबीवर दर दोन मीटरला सोडत गेलो. उथळ टोकाला ८५ सेंटीमीटर, मग ९०, ९५, १००, १०५, ११०, ११५. बारा मीटरपर्यंत तळ प्रत्येक वेळी फक्त पाच सेंटीमीटरने उतरत होता. तिथून मोडला. पुढे १४२, १७०, १९७ आणि खोल भिंतीशी २२५. वरून एकसारख्या निळ्या टाइल्स, त्यात हा मोड डोळ्यांना दिसत नाही. पाणी खेळतं असलं तर मुळीच नाही.

म्हणजे हा एक समलंब नव्हताच, दोन जोडलेले होते. पहिला १२ मीटरचा, खोल्या ०.८५ आणि १.१५, क्षेत्रफळ १२. दुसरा ८ मीटरचा, खोल्या १.१५ आणि २.२५, क्षेत्रफळ १३.६. बेरीज २५.६, गुणिले रुंदी ८, म्हणजे २०४.८ घनमीटर. साडेवीस टँकर. काठाखालच्या १५ सेंटीमीटरचे २४ घनमीटर मी मोठ्या हुशारीने वजा केले होते आणि तळातले ४३ सोडून दिले होते.

आणि यासाठी अकरा ओळंबेही लागत नव्हते, एक पुरला असता. टोकांची सरासरी १.५५ येते ना, मग बरोबर मध्यावर खोली १.५५ च भरली पाहिजे. नाही भरली तर उतार सरळ नाही. इथे मध्यावर १.१० होती. दोन मिनिटांचं काम, तेही पूल रिकामा असताना कोणी दोरी ताणून केलं असतं. मी फोनवरून केलं.

पंपवाला पोरगा हे सगळं ऐकत उभा होता. तो म्हणाला, "म्हणूनच का सर? मी पंपरूमच्या आकड्यावरून दोन पीपीएमचं क्लोरीन टाकतो, रात्री. तासाभरानं किटमध्ये पाहिलं तर नेहमी अडीचच्या वरच. मला वाटे, किटच जुनं झालं." मी तिथेच भाग दिला. २७२ घनमीटरसाठी मोजलेली पावडर २०४.८ मध्ये पडली की दोनाचे २.६६ होतात. पोराने इतके दिवस किटला दोष दिला, आम्ही सकाळी टँकरला दिला.

संध्याकाळी पंपरूमच्या भिंतीवरचा जुना आकडा चुना मारून पुसला आणि नवा लिहिला, खाली 'पाणी काठाखाली १५ सेंमी' असंही. चारपैकी दोन गाड्या टाकीत रिकाम्या झाल्या, दोन परत गेल्या. त्यांचं भाडं माझ्या बिलातून कापलं गेलं. टँकरवाला जाताना खिडकीतून म्हणाला, "पुढच्या साली आधी दोरी टाकजा साहेब."