फिल्टर उशिरा येतो

«रेकॉर्डिंग झाल्यावर मी लो कट लावतो, तरी वाऱ्याची गडगड पूर्ण जात नाही आणि बोलणं फाटलेलंच ऐकू येतं. फिल्टर चुकीचा लावतोय का?»

फिल्टर बहुधा योग्यच असतो, पण तो लागेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. हे का घडते ते आकड्यांनी पाहिले की पुढचे सगळे सोपे होते. एक मीटर अंतरावर बसलेल्या माणसाचे साधे बोलणे माइकच्या पडद्यावर सुमारे 0.02 पास्कल इतका दाब निर्माण करते. उलट सेकंदाला 5 मीटर वेगाचा वारा, म्हणजे झाडाची पाने सतत हलत राहतील एवढाच वारा, अडवला तर सुमारे 15 पास्कल दाब देतो. हा दाब एकसारखा राहिला असता तर तो ऐकूच आला नसता; परंतु वाऱ्यात भोवरे असतात, माइकच्या कडांवर नवे भोवरे तयार होतात, आणि त्यामुळे दाब सतत वरखाली होतो. त्यातला केवळ दहावा हिस्सा हलला असे धरले तरी तो 1.5 पास्कल होतो, म्हणजे बोलण्याच्या 75 पट. तुमच्या प्रीअँपचा गेन, म्हणजे माइकचा संकेत किती वाढवायचा ते प्रमाण, बोलण्यासाठी लावलेला असतो. त्यात हा दाब शिरला की लहरींचे माथे सपाट कापले जातात, आणि त्या सपाट तुकड्यात बोलणेही उरत नाही आणि वाराही उरत नाही. नंतर कितीही खालची कंपने काढली तरी तिथे जे नोंदलेच गेले नाही ते परत येणार नाही.

म्हणून ही 75 पट तफावत आवाज माइकमध्ये शिरण्याआधीच कमी करावी लागते, आणि माझ्या अनुभवात यातला पहिला मोठा वाटा फुकट मिळतो, तो म्हणजे माइकची जागा. अंतर निम्मे केले की बोलण्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. वाऱ्याचा वेग निम्मा केला की त्याचा दाब चौथाईवर येतो, कारण दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. उघड्या माळावर एकदा मी एका वक्त्याचे बोलणे नोंदवत होतो. तो उभा होता आणि माइक एक मीटरवर होता. नोंद सपाट माथ्यांनी भरल्यावर मी त्याला जवळच्या दगडी बांधाच्या आडोशाला जमिनीवर बसवले आणि माइक तोंडापासून अर्ध्या मीटरवर आणला. जमिनीलगत वारा मुळातच मंद असतो, त्यात बांधाची आड मिळाली. वेग निम्म्यावर आला असे धरले, तर दुप्पट बोलणे आणि चौथाई वारा मिळून आठ पट फायदा होतो, म्हणजे 75 पटींची तफावत नऊच्या आसपास येते, आणि तेही एक रुपयाचे साहित्य न वापरता.

आडोशाच्या बाबतीत मात्र एक चूक मी स्वतः बराच काळ करत होतो: भिंतीच्या कोपऱ्याशी किंवा तिच्या वरच्या कडेच्या पातळीला माइक ठेवायचो. वारा कडेवरून वळताना तिथे जोरदार भोवरे सुटतात, आणि मीटरचा काटा मोकळ्या जागेपेक्षाही जास्त उडतो. कडेपासून बरेच आत, भिंतीच्या मधल्या भागाजवळ बसावे. आणि माइक भिंतीला अगदी चिकटवू नये, कारण भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळून बोलणे पोकळ वाटू लागते. झुडपांचा आडोसा वारा छान मंदावतो, पण त्यांची पाने स्वतःच सळसळतात, आणि ती सळसळ कोणत्याही फिल्टरने काढता येत नाही, कारण ती बोलण्याच्या स्पष्टतेच्याच कंपनांमध्ये असते.

आता विंडशील्ड. माइकसोबत मिळणारा फोमचा टोप घरात फुंकरीपुरता ठीक आहे, बाहेर तो लवकर हरतो, आणि त्याचे कारण केवळ फोमचा दर्जा नव्हे तर त्याचा आकार. विंडशील्डच्या पृष्ठभागावर प्रत्येक ठिकाणी वाऱ्याचा दाब वेगवेगळा बदलत असतो. एका बाजूला वाढतो तेव्हा दुसऱ्या बाजूला कमी होतो. माइक मधोमध आणि पृष्ठभागापासून लांब असेल तर हे दाब एकमेकांना बरेचसे पुसून टाकतात. बोलण्याची लहर मात्र एवढ्याशा वस्तूपेक्षा लांब असल्याने ती सगळीकडून एकसारखीच आत येते. म्हणूनच समोरच्या एका दिशेचा आवाज टिपणाऱ्या शॉटगन माइकसाठी मोठे जाळीचे बास्केट आणि त्यावर लांब केसांचे फर ही जोडी उपयोगी पडते: केस वाऱ्याचा वेग एकदम न अडवता हळूहळू शोषतात, आणि आत स्थिर हवेची पोकळी राहते. चांगली जोडी वारा दहा पटीने तरी खाली आणते. आमच्या उदाहरणातली नऊ पट तफावत इथे संपते.

परंतु ती पोकळी राखली गेली पाहिजे. माइकचे टोक बास्केटच्या पुढच्या टोपाला टेकले किंवा त्याच्या अगदी जवळ आले, तर तेवढ्या जागेपुरता सगळा फायदा जातो, आणि हेडफोनमध्ये फक्त समोरून झुळूक आली की धडधड ऐकू येते. फर चिकटून गठ्ठा झाले असेल तर ते रुंद दातांच्या फणीने विंचरून मोकळे करावे. ओले फर वापरू नये. ते बोलण्यातले स, श यांसारखे उच्च कंपनांचे आवाज मंद करते. शिवाय असा दिशात्मक माइक पुढच्या आणि मागच्या दाबातला फरक मोजून काम करतो, म्हणून त्याला जवळचे भोवरे फार जाणवतात. जवळ जाणे शक्य असेल तेथे छातीवर लावलेला लहान सर्वदिशा माइक, त्यावर छोटेसे फर, हा पर्याय मी शॉटगनपेक्षा आधी निवडतो.

उरला हाय-पास फिल्टर, म्हणजेच प्रश्नातला लो कट. वाऱ्याची बहुतेक ऊर्जा अगदी खालच्या कंपनांत असते. 80 हर्ट्झवर, दर सप्तकाला 12 डेसिबलचा फिल्टर 40 हर्ट्झचा दाब सुमारे चौथाईवर आणतो आणि बोलण्याला फारसा धक्का लावत नाही. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर बहुतेकदा 85 ते 180 हर्ट्झच्या दरम्यान असतो, म्हणून मी 150 हर्ट्झपर्यंत जाण्याचे टाळतो. आवाजाचा भरीवपणा जातो. फिल्टर माइकवरच्या खटक्याने लावावा, कारण तिथे तो प्रीअँपच्या आधी असतो. काही रेकॉर्डरांतला फिल्टर मात्र आवाज डिजिटल झाल्यानंतर काम करतो. ते ओळखण्याची रीत अशी: वाऱ्यात फिल्टर चालू केल्यावर मीटर खाली आला, पण बोलणे पूर्वीइतकेच फाटलेले राहिले, तर फिल्टर उशिरा येतो आहे असे समजावे आणि गेन कमी करावा.

नोंदीपूर्वी एक मिनिट हेडफोन लावून ऐकावे, पण मीटरही पाहावा. लहान हेडफोन 30 हर्ट्झची गडगड ऐकवत नाहीत, आणि बोलणे थांबलेले असताना काटा उडत असेल तर वारा आत येतो आहे. कधी सगळे ठीक असूनही ठकठक येते. तेव्हा केबल हातात धरून ती हलणार नाही असे करावे. ठकठक थांबली तर वारा केबलला स्टँडवर आपटतो आहे, आणि तिचा सैल वेढा घेऊन ती स्टँडला पट्टीने बांधली की पुरे.