तळाशी पांढरी पडलेली नळी

नाशकात थंडी पडली की पाणी तापवणारे सोलर दुरुस्त करणाऱ्यांना उसंत मिळत नाही. पाथर्डी फाट्याच्या ज्या दादांची वेबसाइट मी सांभाळायला घेतली, त्यांना मात्र ऐन डिसेंबरात जुन्या गिऱ्हाइकांशिवाय कोणाचा फोन नव्हता.

वेबसाइट आधी दुसऱ्या कोणीतरी करून दिलेली होती. ‘सोलर दुरुस्ती इंदिरानगर’, ‘सोलर दुरुस्ती सिडको’, ‘सोलर दुरुस्ती गंगापूर रोड’ अशी पानंच पानं. मजकूर शब्दन् शब्द एकच, फक्त भागाचं नाव बदललेलं. अशा पानांना गूगल ‘डोअरवे’ म्हणतं आणि ती त्याच्या स्पॅम धोरणात मोडतात. साइट कोणत्या शोधात दिसते ते दाखवणाऱ्या गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये बघितलं तर ती पानं कोणाला दिसतच नव्हती. पण तिथल्याच शोधशब्दांच्या यादीत खाली `solar garam pani yet nahi` आणि `solar pani sakali thand` असे शब्द सापडले. त्यांवर मुख्य पान अधूनमधून दिसत होतं, पण क्लिक एकही नाही. साहजिकच आहे. माणूस विचारतोय पाणी का तापत नाही, आणि आमच्या पानावर उत्तर होतं, ‘तत्पर व विश्वासू सेवा’.

मी दादांना म्हटलं, आज कुठे काम असेल तर मला सोबत न्या.

इंदिरानगरमधल्या एका बंगल्याच्या गच्चीवर गेलो. दादांनी कशालाही हात न लावता काचेच्या नळ्यांची खालची टोकं निरखली. एक सोडून सगळी आरशासारखी चंदेरी होती. ती एक दुधासारखी पांढरी. “ताई, हिच्यातली हवाबंद पोकळी गेली. आता ही उष्णता धरणार नाही.” आत बेरियमचा थर असतो. नळीत हवा शिरली की तो पांढरा पडतो. हे बघायला ना हत्यार लागतं ना मिस्त्री.

पण दादा तेवढ्यावर थांबले नाहीत. पंधरातली एक नळी गेली म्हणून पाणी अगदी गार येणार नाही, असं म्हणत त्यांनी टाकीतून घरात जाणारा गरम पाण्याचा वॉल्व्ह बंद केला आणि खाली बाथरूममधला गरम नळ सोडायला सांगितला. पाणी बंद व्हायला हवं होतं, पण धार चालूच राहिली. म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या कुठल्यातरी मिक्सर नळातून गार पाणी गरम लाइनीत घुसत होतं. सोलर जवळजवळ ठीक, दोष मिक्सरमध्ये.

त्याच संध्याकाळी मी लेख लिहिला. शीर्षक लोक विचारतात तेच: ‘सोलरचं पाणी गरम येत नाही? आधी हे दोन तपासा’. पांढऱ्या आणि चंदेरी टोकाचे शेजारी शेजारी फोटो, वॉल्व्हची तपासणी क्रमाने, आणि शेवटी एक विनंती: नळीची जाडी मोजून फोटोसकट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. नळ्या ४७ मिलिमीटरच्याही असतात आणि ५८ च्याही. चुकीची नेली की पुन्हा हेलपाटा.

दादांना ते पटेना. “सगळं सांगून टाकलं तर मला बोलावणार कोण?” प्रश्न रास्त होता. म्हणून रेघ कुठे मारायची ते त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, बघू दे, पण नळी काढू नये. उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी गेलं की ती तडकते. हे वाक्य कारणासकट लेखात घातलं. भागांची ती पानं काढून टाकली आणि बंगल्यावरच्या कामाचा फोटो, मालकांची परवानगी घेऊन, गूगल बिझनेस प्रोफाइलवर पोस्ट केला, खाली लेखाची लिंक.

काही आठवड्यांनी सिडकोतून एका काकूंचा फोन आला. “दादा, तीन नळ्या खालून पांढऱ्या झाल्यात, ५८ च्या आहेत. वॉल्व्ह बंद केला की नळ बंद होतो.” दादा तीन नळ्या आणि रबरी सील घेऊनच गेले आणि एका फेरीत काम उरकलं. भाव करायला आलेलं गिऱ्हाईक आणि दोष ओळखून आलेलं गिऱ्हाईक यांतला फरक त्यांना त्या दिवशी माझ्याआधी कळला.

पंचवटीत मात्र आम्ही अजून मागेच आहोत. तिथून कोणी ‘जवळचा सोलर दुरुस्तीवाला’ शोधला तर नकाशातल्या निकालात अंतरही मोजलं जातं, आणि दादांचा पत्ता पाथर्डी फाट्याचा. सेवेचा भाग म्हणून प्रोफाइलमध्ये सगळं नाशिक भरलं तरी ते अंतर कमी होत नाही. लेख चालतो तो नकाशाच्या खालच्या यादीत, जिथे माणूस दुकान नाही, कारण शोधत असतो. म्हणून आता दादांकडून बोअरच्या पाण्याने क्षार धरलेल्या टाकीचे फोटो मागवलेत. त्यावरचे प्रश्न शोधशब्दांच्या यादीत दिसू लागलेत.