गठ्ठ्याची तेरीज

मार्च महिन्यात कनिष्ठ महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये दोन प्रकारचे कागद असतात. एक बोर्डाचे आणि एक आपले. बारावीच्या उत्तरपत्रिका मोजून येतात, मोजून जातात, प्रत्येक टप्प्यावर कोणाची ना कोणाची सही होते. त्यामुळे त्यांची मला कधी काळजी वाटत नाही. काळजी असते ती अकरावीच्या बुककीपिंगच्या प्रोजेक्टची. ती कोणी मोजून देत नाही. कोणी वर्गात देतं, कोणी जिन्यात, कोणी शिपाईमामांकडे ठेवून जातं, आणि एखादा मुलगा ‘मॅडम, बस चुकली’ म्हणत थेट सुपरव्हिजनच्या खोलीच्या दारात फाइल पुढे करतो. आत शंभर नजरा पेपरवर आणि आपण दारात एका ट्रान्सपरंट फाइलचं काय करायचं या विचारात.

मी अकाउंट्स शिकवते, तेव्हा हिशेबाचीच सवय कामाला लावली. अप्पा बळवंत चौकातून एक लांबोडकं रजिस्टर आणलं आणि त्यात मार्चभर अकरावीच्या एका तुकडीची खतावणी ठेवते. प्रत्येक हजेरी क्रमांकाला एक ओळ. ओळीत आल्याची तारीख, मुलाची सही, तपासल्याची तारीख, गुण आणि ‘दुरुस्तीला परत’ असा एक रकाना. आल्याची तारीख आणि सही मुलानेच करायची, तीही माझ्या समोर. सही नसेल तर प्रोजेक्ट आलेलं नाही, मग ते टेबलावर दिसत का असेना. हा नियम पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिला की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

आता गंमत अशी, की बहुतेक शिक्षकांच्या डोक्यात एकच आकडा असतो: अजून किती तपासायचेत. हा आकडा एकटा काही कामाचा नाही, कारण त्याचा ताळा कशाशीच घेता येत नाही. मी आकडे चार ठेवते. पूर्ण झालेले, माझ्याकडे पडून असलेले, दुरुस्तीसाठी मुलांकडे गेलेले आणि मुळात आलेच नाहीत ते. चारांची बेरीज रोज संध्याकाळी तुकडीच्या पटाइतकी यायलाच हवी. नाही आली, तर कुठेतरी घोळ आहे आणि तो आजचाच आहे, म्हणजे आजच सापडेल.

एक दिवस मांडून दाखवते. पट 78. सकाळी पूर्ण 19, माझ्याकडे 31, दुरुस्तीला 5, न आलेले 23. दिवसभरात नवीन 12 आले आणि दुरुस्तीला गेलेल्यांपैकी 2 परत आले. मी तपासले 20. त्यातले 17 पूर्ण झाले, 3 दुरुस्तीला पाठवले. संध्याकाळी पूर्ण 36, माझ्याकडे 25, दुरुस्तीला 6, न आलेले 11. बेरीज 78. आता टेबलावरचा गठ्ठा हाताने मोजायचा. तो 25 भरला की रजिस्टर मिटायचं. रोखवहीच्या शिलकेशी गल्ल्यातले पैसे मोजून ताडतात ना, तसंच हे.

गठ्ठा 24 भरला तर? मग शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. सगळ्यात आधी पाहायचं, एक फाइल दुसरीच्या पोटात तर शिरलेली नाही ना. प्लास्टिकच्या गुळगुळीत फायलींना ही खोड असते. मग विचारायचं, ‘अनुक्रमणिका लावायची राहिली’ म्हणून कोणी न सांगता उचलून तर नेली नाही ना. गठ्ठा 25 ऐवजी 26 भरला, तर आधी पाहायचं, मुलाने सही चुकीच्या ओळीत तर केली नाही ना. हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त होतो. छत्तिसाव्या क्रमांकाचा मुलगा आधीच सही करून बसलेला असतो आणि त्रेसष्टावी मुलगी घाईत त्याच्याच ओळीत दुसरी सही करते, तिची ओळ कोरीच राहते. तसं नसेल, तर मात्र उत्तर बहुधा एकच: कोणीतरी सही न करता गुपचूप फाइल गठ्ठ्यात सरकवली आहे. तिच्यावर तारीख नाही, म्हणून ती आज आली असंच मी धरते. त्यावर रुसणारे असतात. रुसू देत.

इथे मला माझाच धडा आठवतो, जो मी दर वर्षी अकरावीला शिकवते. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा दोन्ही बाजूंचा मेळ, जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असं नाही. एकमेकींना झाकणाऱ्या भरपाईच्या चुका तेरीज दाखवत नाही. एक फाइल कोणी न सांगता नेली आणि त्याच दिवशी दुसरी एक सही न करता आली, तर गठ्ठा 25 च भरतो आणि आपण खुशाल घरी जातो. त्यामुळे आकड्यांचा ताळा रोज घ्यायचा, पण शुक्रवारी एकदा नावानिशी घ्यायचा. गठ्ठा हजेरी क्रमांकाने लावायचा आणि रजिस्टरमध्ये ‘आलं, तपासलं नाही’ अशा ओळींशी एकेक फाइल जुळवून पाहायची. मामांना समोर बसवून क्रमांक वाचायला लावले की पंधरा-वीस मिनिटांत होतं. मामा क्रमांक कीर्तनाच्या चालीत वाचतात, त्यामुळे झोपही येत नाही.

विसरचूक मात्र याही मेळात पकडता येत नाही. मुलाला वाटतं आपण दिलं, आणि ती फाइल त्याच्याच दप्तरात आहे. ती रजिस्टरमध्ये नाही आणि गठ्ठ्यातही नाही, मग हिशेबाला खटकणार कशी? त्यावर एकच उपाय आहे. न आलेल्यांचे क्रमांक दर सोमवारी वर्गाबाहेर लावायचे. नावं नाही, फक्त क्रमांक. अर्ध्या तासात दोघंतिघं धावत येतात.

रजिस्टरचा खरा उपयोग मला वाटतो तो वयाचा. दुकानदार येणी काढतो तेव्हा कोणाकडे किती एवढंच बघत नाही, किती दिवसांपासून हेही बघतो. जुनं येणं बुडीत जायची भीती जास्त. तपासायच्या गठ्ठ्याचंही तेच आहे. नवीन आलेल्या फायली आपण वर ठेवतो आणि तपासायलाही वरूनच घेतो. म्हणजे पहिल्या दिवशी वेळेवर देणारी मुलगी तळाशी, आणि काल धापा टाकत आलेल्याचं प्रोजेक्ट आज तपासून तयार. हा उघड अन्याय आहे आणि तो केवळ गुरुत्वाकर्षणामुळे होतो. म्हणून रोजच्या आलेल्या फायलींना दोरी बांधते, वर तारखेची आणि संख्येची चिठ्ठी लावते आणि ते बाड गठ्ठ्याच्या तळाला सरकवते.

तरीही आठवडा उलटलेल्या दोनतीन फायली उरतातच. त्या पाहिल्या की कळतं, त्या चुकून राहिलेल्या नसतात. एक असते शंभर पानांची, काकांच्या किराणा दुकानाची खरीखुरी बिलं चिकटवलेली, प्रत्येक नोंद वाचावी लागेल अशी. एक असते शेजारच्या फायलीची हुबेहूब नक्कल, जिच्यात विक्रीपुस्तकाच्या बेरजेतली चूकसुद्धा तीच आहे, आणि त्या दोघांना बोलावून बोलणं आपण पुढे ढकलत असतो. हात आपोआप पातळ फाइलकडे जातो. त्यामुळे रोज बसल्यावर पहिली फाइल सगळ्यात जुन्या तारखेची, असा दंडक मी ठेवला आहे. बाकीच्या मग कशाही घ्याव्यात.

शेजारच्या टेबलावरचे अर्थशास्त्राचे सर हेच सगळं संगणकावर करतात. ‘क’ रकान्यात नव्हे, C मध्ये आल्याची तारीख, D मध्ये तपासल्याची. पहिली ओळ शीर्षकाची, म्हणजे 78 मुलं दुसऱ्या ओळीपासून एकोणऐंशीव्या ओळीपर्यंत. तारीख आहे पण तपासलेलं नाही अशांची संख्या आणि त्यातली सगळ्यात जुनी तारीख, अशी दोन सूत्रं:

```
=COUNTIFS(C2:C79,"<>",D2:D79,"")
=MINIFS(C2:C79,C2:C79,"<>",D2:D79,"")
```

दुसऱ्या सूत्राचं उत्तर कधी 45727 असं काहीतरी येतं. घाबरायचं नाही. ती 11 मार्च 2025 ही तारीखच आहे, त्या घराला तारखेचं स्वरूप दिलं की नीट दिसते. सरांची मुलं गूगल क्लासरूमवर ऑनलाइनच देतात, तिथे ‘Turned in’ चा आकडा आपोआप दिसतो, म्हणून ते आधी मला हसायचे. पण मुलाने ‘Unsubmit’ दाबलं की फाइल न सांगता उचलून नेल्यासारखंच होतं आणि आकडा गुपचूप एकाने घटतो. शिवाय गुण भरले पण ‘Return’ दाबलं नाही, तर मुलाला काहीच दिसत नाही. आपल्या लेखी काम संपलेलं, त्याच्या लेखी सुरूच झालेलं नाही. आता त्यांच्या तक्त्यात ‘परत दिलं’ असा आणखी एक रकाना आहे, आणि हसणं बंद आहे.

गुणांच्या रकान्याबद्दल एवढंच, की तो तपासून होईपर्यंत कोरा. शून्य नाही, रेघ नाही. शून्य म्हणजे तपासलं आणि शून्य मिळाले. संगणकावर सरासरी काढताना कोरं घर वगळलं जातं, पण शून्य मोजलं जातं. उगाच टाकलेल्या चार शून्यांनी अख्ख्या तुकडीची सरासरी खाली येते आणि प्राचार्यांच्या बैठकीत आपल्यालाच खुलासा द्यावा लागतो.

माझ्याकडे 25 आहेत हे कळल्यावरही, 25 म्हणजे किती काम, ते रजिस्टर सांगत नाही. त्यासाठी पाच फायली घड्याळ लावून तपासते. एकीला सरासरी आठ मिनिटं लागली, तर 25 ना 200 मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. बोर्डाचा सकाळचा पेपर अकरा ते दोनच्या सुमारापर्यंत. ज्या दिवशी सुपरव्हिजन आहे त्या दिवशी दुपारी जेवण उरकून दीड तास हाताशी असतो, त्यात अकरा फायली होतात. म्हणजे नवीन काही आलं नाही तर तीन दिवस. येणारच, म्हणून मी चार धरते आणि वर्गात तारीख सांगते ती पाचव्या दिवसाची.

तारीख सांगितली तरी विचारणारे थांबत नाहीत. परवा एक मुलगा मैत्रिणीला साक्षीला घेऊनच आला. ‘मॅडम, माझं अजून तपासलं नाहीत तुम्ही. मी कधीच दिलं होतं.’

मी क्रमांक विचारला, ओळ काढली. आल्याची तारीख होती, त्याची सही होती, आणि पुढे ‘दुरुस्तीला परत’ खाली तारीख, तिथेही त्याचीच सही.

‘तुझं प्रोजेक्ट आठ दिवसांपासून तुझ्याकडेच आहे,’ मी म्हटलं. ‘खरेदी परत पुस्तक लिहायचं राहिलंय.’

मैत्रीण त्याच्याकडे बघून म्हणाली, ‘बॅगेत आहे रे ते. मी सकाळीच पाहिलं.’