चर्चगेटचा दरवाजा लाकडी आहे का?

एम.ए.च्या तर्कशास्त्राच्या पेपरसाठी एक टिपण लिहायचं होतं. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलचं ‘फ्रान्सचा राजा टकला आहे’ हे उदाहरण प्रसिद्ध आहे: फ्रान्सला राजाच नाही, मग हे वाक्य खरं की खोटं? मॅडमनी अट घातली, ‘रसेलचा फ्रान्सचा राजा कोणी आणायचा नाही. आपल्या शहरातली, आज नसलेली एखादी गोष्ट घ्या, तिच्याबद्दलचं साधं वाक्य घ्या आणि ते रसेलच्या पद्धतीने शेवटपर्यंत उलगडून दाखवा.’

वर्गातल्या एकाने लगेच ‘मुंबईचा राजा टकला आहे’ असं वाक्य सुचवलं आणि सगळे हसले. लालबागच्या गणेश गल्लीत जाऊन बघ म्हणावं, राजा आहे की नाही ते. आमच्या शहरात ‘मुंबईचा राजा’ हे वर्णन रिकामं नाही, त्यामुळे ते बाद झालं.

मी रोज चर्चगेटला उतरतो. स्टेशन आहे, नाव आहे, गेट नाही. मुंबईच्या किल्ल्याच्या तटाला तीन दरवाजे होते: अपोलो गेट, बझार गेट आणि सेंट थॉमस चर्चकडे जाणारं चर्च गेट. 1860च्या दशकात तट पाडला, त्याबरोबर दरवाजेही गेले. चर्च गेट जिथे होतं तिथे आता फ्लोरा फाउंटन आहे. म्हणून मी वाक्य घेतलं: ‘चर्चगेटचा दरवाजा लाकडी आहे.’ जुना दरवाजा कशाचा होता याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. वाक्य वर्तमानकाळातलं आहे आणि आज दरवाजाच नाही.

अडचण कुठे आहे ते आधी पाहू. शाळेच्या व्याकरणाप्रमाणे ‘चर्चगेटचा दरवाजा’ हे उद्देश्य आणि ‘लाकडी आहे’ हे विधेय. उद्देश्य ज्या वस्तूकडे बोट दाखवतं, तिच्याविषयी विधेय काहीतरी सांगतं. पण बोट दाखवायला वस्तूच नसेल तर? त्याहून अवघड वाक्य म्हणजे ‘चर्चगेटचा दरवाजा अस्तित्वात नाही’. हे तर धडधडीत खरं आहे. मग ते कोणाविषयी खरं आहे? दरवाजाविषयी म्हणावं तर दरवाजा कुठेतरी असायला हवा, आणि असेल तर वाक्य खोटं पडतं.

ऑस्ट्रियन तत्त्वज्ञ माइनाँगने यातून मार्ग काढला तो असा की, ज्याविषयी आपण विचार करू शकतो ते सगळं ‘वस्तू’च आहे, ते अस्तित्वात असो वा नसो. मग सोन्याचा डोंगरही वस्तू आणि गोल चौकोनही वस्तू. रसेलला हे पटलं नाही, कारण गोल चौकोन गोल आहे आणि गोल नाही असं दोन्ही मानावं लागतं. जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगे म्हणाला, अशा शब्दसमूहाला अर्थ असतो पण निर्देश, म्हणजे तो ज्याकडे बोट दाखवतो ती वस्तू, नसते, म्हणून रोजच्या भाषेतलं असं वाक्य खरंही नाही आणि खोटंही नाही. रसेलने 1905 साली ‘माइंड’ या नियतकालिकातल्या ‘ऑन डिनोटिंग’ या लेखात तिसरी वाट काढली. मला ती पहिल्या वाचनात हातचलाखी वाटली होती, आणि थोडीफार अजूनही वाटते. तो म्हणतो, ‘चर्चगेटचा दरवाजा’ हे नाव नाहीच. ते नावासारखं दिसतं एवढंच. आत दडलंय ते एक ‘किती आहेत’ याविषयीचं विधान.

उलगडताना मी आधी सगळं मराठीत लिहिलं. मूळ वाक्य तीन गोष्टी एका दमात सांगतं. चर्चगेटचा दरवाजा असं निदान काहीतरी एक आहे. तसं एकापेक्षा जास्त काही नाही. आणि जे आहे ते लाकडी आहे. चिन्हांत, Gx म्हणजे ‘x हा किल्ल्याच्या तटातला चर्चकडचा दरवाजा आहे’ आणि Wx म्हणजे ‘x लाकडी आहे’ असं धरलं, आणि ∃x म्हणजे ‘असा निदान एक x आहे’, ∀y म्हणजे ‘प्रत्येक y बाबत’, ∧ म्हणजे ‘आणि’, → म्हणजे ‘असेल तर’, तर:

```
∃x (Gx ∧ ∀y (Gy → y = x) ∧ Wx)
```

मधला तुकडा पहिल्यांदा बघणाऱ्याला बुजवतो, पण तो सरळ आहे: जे जे चर्चगेटचा दरवाजा असेल, ते ते हेच x असेल. म्हणजे दुसरा कोणी नाही.

आता या सूत्रात ‘चर्चगेटचा दरवाजा’ शोधून दाखवा. सापडत नाही. G हा गुणधर्म आहे, कुठल्या वस्तूचं नाव नाही. x आणि y म्हणजे नुसत्या रिकाम्या जागा. काम नीट झालंय की नाही हे तपासायची माझी खूण हीच. नसलेल्या वस्तूचं नाव म्हणून एखादं अक्षर सूत्रात उरलं असेल, तर उलगडा अर्धवट आहे. रसेलचा आग्रहही हाच होता की वर्णनाचं एकट्याचं भाषांतर करायला जाऊ नका, पूर्ण वाक्याचं करा. वाक्य उलगडलं की वर्णन त्यात विरघळून जातं.

सूत्र मिळाल्यावर पहिला प्रश्न चुटकीसरशी सुटतो. तीनपैकी पहिलीच गोष्ट खोटी आहे, म्हणून सगळं वाक्य खोटं आहे. ‘अस्तित्वात नाही’ या वाक्याचंही तसंच. त्यात दरवाजाला कुठला गुण चिकटवलेला नाही; ‘नेमका एक असा काही आहे’ हे नाकारलंय, बस्स.

मला जास्त वेळ लागला तो नकाराला. ‘लाकडी आहे’ खोटं, तर ‘लाकडी नाही’ खरं असायला हवं ना? पण जगातल्या सगळ्या लाकडी वस्तू एका बाजूला आणि बिनलाकडी दुसऱ्या बाजूला मांडल्या, तर चर्चगेटचा दरवाजा दोन्हीकडे सापडणार नाही. फ्रान्सचा राजा टकल्यांतही नाही आणि केसवाल्यांतही नाही, यावर रसेलने टोमणा मारला आहे की समन्वयाची आवड असलेले हेगेलवादी बहुधा म्हणतील, त्याने विग घातलाय. रसेलचं उत्तर असं की ‘नाही’, चिन्हांत ¬, दोन ठिकाणी बसू शकतो:

```
∃x (Gx ∧ ∀y (Gy → y = x) ∧ ¬Wx)
¬∃x (Gx ∧ ∀y (Gy → y = x) ∧ Wx)
```

पहिल्यात नकार आत आहे: नेमका एक दरवाजा आहे आणि तो लाकडी नाही. हे खोटं. दुसऱ्यात नकार बाहेरून सगळ्याला कवेत घेतो: नेमका एक आणि लाकडी असा दरवाजा आहे, असं नाही. हे खरं. मूळ वाक्याचा खरा निषेध हा दुसरा, त्यामुळे एक खरं तर दुसरं खोटं हा नियम शाबूत राहतो. नकाराचा आवाका कुठवर पोचतो, यालाच वर्गात आम्ही ‘स्कोप’ म्हणायचो. मराठीत ‘दरवाजा लाकडी नाही’ आणि ‘दरवाजा लाकडी आहे असं नाही’ अशी दोन वाक्यं तयारच आहेत. दुसऱ्यापुढे ‘कारण दरवाजाच नाही’ हे सहज जोडता येतं. पहिल्याला ते जोडलं की ऐकणारा अडखळतो.

मधल्या तुकड्याने मात्र एक चमत्कारिक गोष्ट पुढे आणली. वाक्य बदलून ‘किल्ल्याचा दरवाजा’ असं घ्या आणि काळ तट पाडायच्या आधीचा. तेव्हा दरवाजे तीन होते. म्हणजे ‘नेमका एक’ ही अट मोडली, आणि सूत्राप्रमाणे ‘किल्ल्याचा दरवाजा अस्तित्वात नाही’ हे तेव्हाही खरं! तीन दरवाजे समोर उभे असताना. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, ‘मग तुझ्या वाक्यात एकच असल्याचा दावा खरोखर आहे का, ते आधी ठरव.’ मराठीत इंग्रजी ‘द’सारखा शब्द नाही, त्यामुळे ते संदर्भावरूनच ठरवावं लागतं. ‘किल्ल्याला दरवाजा होता’ यात एकच असल्याचा दावा नाही, तिथे मधला तुकडा घालायचाच नाही. ‘किल्ल्याचा दरवाजा संध्याकाळी बंद व्हायचा’ यात बहुतेक वेळा आहे. आणि ऑफिसात कोणी ‘दरवाजा लाव’ म्हणतो तेव्हा जगात एकच दरवाजा असतो थोडाच? तिथे ‘या खोलीतला’ हे मनात धरून G भरावा लागतो. तो कसा भरायचा हे सूत्र सांगत नाही.

गाडीला रोज भेटणारे एक वकील काका आहेत, त्यांना हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, ‘अरे, मला कोणी सांगितलं की चर्चगेटचा दरवाजा लाकडी आहे, तर मी खोटं आहे म्हणणार नाही. कुठला दरवाजा, असं विचारीन.’ नकळत काकांनी ब्रिटिश तत्त्वज्ञ स्ट्रॉसनचा रसेलवरचा 1950चा आक्षेपच मांडला. स्ट्रॉसनच्या मते दरवाजा आहे हे वाक्य सांगत नाही, गृहीत धरतं. गृहीतच कोसळलं की खरं-खोटं हा प्रश्न उद्भवत नाही. मी काकांना म्हटलं, ‘आणि मी म्हणालो की काल चर्चगेटच्या दरवाजावर माझं डोकं आपटलं, तर?’ काका म्हणाले, ‘तर तू थापा मारतोयस.’ म्हणजे दरवाजा तोच, नसलेला, तरी इथे ते ‘खोटं’ म्हणायला तयार. मला वाटतं, वाक्याचा भर कशावर आहे यावर आपली जीभ ठरते. वाक्य दरवाजाविषयी चाललंय की माझ्या डोक्याविषयी. रसेलने 1957मध्ये स्ट्रॉसनला दिलेलं उत्तर काकांना जास्त आवडलं. समजा एका देशात कायदा आहे की ‘विश्वाचा नियंता शहाणा आहे’ हे विधान जो खोटं मानतो त्याला सरकारी पद मिळणार नाही. तिथला नास्तिक स्ट्रॉसनचा आधार घेऊन म्हणेल, मी कुठे ते खोटं मानतो? ‘कोर्टात टिकणार नाही,’ काका म्हणाले.

टिपणाचा शेवटचा भाग एका पाहुण्यामुळे लिहिला गेला. नागपूरहून आलेला मावसभाऊ स्टेशनबाहेर येऊन खरोखर विचारू लागला, ‘दादा, ते गेट कुठं आहे? मला पाहायचंय.’ ‘त्याला चर्चगेटचा दरवाजा पाहायचा आहे’ हे वाक्य खरं आहे, दरवाजा नसूनही. इथेही स्कोप कामाला येतो. ‘नेमका एक दरवाजा आहे आणि त्याला तो पाहायचा आहे’ हे खोटं. ‘त्याला असं हवंय की नेमका एक दरवाजा असावा आणि तो आपण पाहावा’ हे खरं. वर्णन इच्छेच्या आत ढकललं की झालं.

पण ‘तो चर्चगेटचा दरवाजा शोधतोय’ हे वाक्य दाद देईना. ‘पाहायचंय’च्या आत एक अख्खं वाक्य दडलेलं असतं, ‘शोधतोय’च्या पुढे नुसती वस्तू येते. वर्णन आत ढकलायला आत जागाच नाही. मी ते ‘दरवाजा आपल्याला सापडावा म्हणून तो धडपडतोय’ असं मोडून लिहिलं, मग सूत्र बसलं. मॅडमनी समासात लिहिलं, ‘शोधणे म्हणजे सापडावा म्हणून धडपडणे, हे कशावरून?’ त्यावर पुढच्या सत्रात बोलायचं ठरलंय. भाऊ तोवर फ्लोरा फाउंटनसमोर फोटो काढून नागपूरला परतलाय.